मुलाखतीच्या आदल्या रात्रीची कथा कुठून सुरू करावी

आपल्या कथेचा पहिला खर्डा वाचला. बेळगावजवळच्या खानापूरचा मुलगा उद्या धारवाडला पहिल्या मोठ्या मुलाखतीला जाणार आहे, हे आपण तिसऱ्या पानावर सांगता. त्याआधीची दोन पाने शाळा, गाव आणि वडिलांचे आजारपण यांत जातात, आणि नव्या कथालेखकांची हीच नेहमीची चूक असते. कथा रात्री नऊला सुरू करा, पहाटेच्या बसपाशी थांबवा आणि निकाल सांगू नका.

‘त्याला भीती वाटत होती’ हे वाक्य काढून टाका. मराठी माध्यमात शिकलेला हा मुलगा आरशासमोर कानडीत ‘नन्न हेसरु’, म्हणजे ‘माझे नाव’, एवढे म्हणून अडखळतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि आतून आई विचारते, “कुणाशी बोलायलास रे?” भीती तेवढ्यात कळते. तो आईला काय उत्तर देतो, तिथे मात्र रेंगाळा, कारण माझ्या मते खरी कथा तिथेच आहे.

वडिलांचे आजारपण हवेच असेल, तर त्याने इस्त्री केलेला सदरा वडिलांचा असू द्या, मनगटाशी थोडा आखूड पडणारा. निवेदनाचे वेगळे प्रयोग पुढच्या खर्ड्याच्या वेळी पाहू.