कोपरा दुमडलेलं पान

प्रश्न: चोरीचे, ठगांचे असे सिनेमे सुचवा ज्यांत शेवटी आपणच मामा होतो. हल्ली निम्म्यातच कळतं कोण कुणाला फसवतंय, मग मजा येत नाही.

यादी देतो, पण आधी जोतिबाच्या यात्रेतली एक गोष्ट सांगतो, कारण सिनेमे निवडायचं माझं माप तिथूनच आलंय.

मी नववीत असेन. चैत्राची यात्रा, डोंगरावर गुलालात सगळे लाल. वाटेकडेला एकानं पोतं अंथरून तीन पानांचा डाव मांडला होता. दोन काळी पानं आणि एक बदामची राणी. राणी ओळखली की दुप्पट पैसे. मी बराच वेळ नुसता बघत होतो. एवढ्यात तो डाववाला तंबाखू मागायला मागं वळला, आणि शेजारच्या माणसानं पटकन राणीचा कोपरा दुमडून ठेवला. माझ्याकडं बघून डोळा मारला. डाववाल्याला पत्ताच नाही! पानं फिरली, त्यानं दुमडलेल्या पानावर पैसे लावले आणि जिंकला. पुढच्या डावाला मी खिशातले वीस रुपये त्याच दुमडलेल्या पानावर लावले. उलटलं तर इस्पिकची सत्ती. फिरवता फिरवता त्यानं राणीचा कोपरा सरळ केला होता आणि सत्तीचा दुमडला होता. शेजारचा माणूस अर्थातच त्याचाच.

यात मला कुणी काही लपवून फसवलं नाही. उलट मला एक गुपित दाखवलं. 'हे फक्त तुला कळलंय' असं वाटलं की माणूस बाकी काही बघायचं सोडून देतो. चांगला ठगपट प्रेक्षकाला नेमकं हेच करतो. आधी एक फसवणूक तुमच्या हाती पकडू देतो आणि मग तुमच्याच हुशारीवर पैसे लावतो.

एक सिनेमा उलगडूनच दाखवतो. 'स्पेशल २६' (२०१३, नीरज पांडे). टीव्हीवर इतक्यांदा लागून गेलाय की बहुतेकांनी बघितला असेल. नसेल बघितला तर पुढचे तीन परिच्छेद सोडा.

आमचे तात्या गुजरीत चाळीस वर्षं सोन्याचं काम करतात. त्यांच्यासोबत मी तो पहिल्यांदा बघितला. सुरुवातीलाच दिल्लीत एका मंत्र्याच्या घरावर सीबीआयची धाड पडते. अधिकारी अजय आणि शर्मा, मदतीला स्थानिक पोलिसांतला सब-इन्स्पेक्टर रणवीर सिंग आणि हवालदार शांती. पाच मिनिटांत तात्या म्हणाले, "आरं, पंच कुठायत? पंचनामा न्हाई, मालाची यादी न्हाई, कुणाची सही न्हाई. ही धाड न्हवं, दरोडा हाय." बरोबर निघालं. खऱ्या झडतीला परिसरातले दोन पंच लागतात, जप्त मालाची यादी होते, ती घरधन्याला मिळते. थोड्या वेळानं सिनेमाही सांगून टाकतो की हे अधिकारी नकली आहेत. तात्या खूश. मंत्री तक्रार करत नाही, कारण गेलेला पैसा काळा. फसले ते बिचारे रणवीर आणि शांती. दोघं निलंबित होतात, आणि रणवीर अपमान उरावर घेऊन खऱ्या सीबीआयच्या वसीम खानकडं जातो.

इथं पानाचा कोपरा दुमडला गेलाय. टोळी नकली आहे हे आपल्याला कळलंय म्हणजे आता आपण आतले. आणि जो माणूस आपल्या डोळ्यांदेखत फसला, तो फसवणाऱ्यांतला असेल असं मनातही येत नाही. उरलेला सिनेमा आपण वसीमसोबत एकच प्रश्न सोडवत बसतो, की मुंबईतल्या सराफाच्या दुकानात टोळी सापडणार की निसटणार. वसीम सापळा लावतो. दुकानातला खरा माल कारखान्यात हलवतो आणि दुकानात नकली ठेवतो. टोळी जाते ती थेट कारखान्यात. कारण रणवीर आणि शांती पहिल्या दिवसापासून टोळीतलेच, आणि वसीमचा सापळा आखणाऱ्यांत रणवीर बसलेलाच होता.

आता हाच सिनेमा परत बघा. रणवीरचा पहिला प्रसंग दोन्ही अर्थांनी चालतो. भाबडा पोलिस म्हणूनही आणि साथीदार म्हणूनही. धाडीला खाकी वर्दी हवी ती घरातल्यांचा विश्वास बसावा म्हणून, असं आपण समजतो. खरं तर ती आपल्यासाठीच जास्त होती. (सीबीआयच्या नावानं नकली भरती करून सराफी पेढीवर धाड घालायची मूळ घटना १९८७ च्या मार्चमध्ये मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ खरंच घडली. त्यातला म्होरक्या कधीच सापडला नाही. रणवीरची भानगड मात्र सिनेमाची.)

दुसऱ्यांदा बघताना आधीचे प्रसंग खोटे पडत नाहीत, त्यांचा अर्थ तेवढा बदलतो. ट्विस्ट खरा आहे की थापेबाजी, ते मी यावरून ठरवतो. शेवटच्या दहा मिनिटांत कधी न दिसलेला जुळा भाऊ किंवा ऐकिवात नसलेलं यंत्र निघालं, तर त्याला मी ट्विस्ट म्हणत नाही. 'ओशन्स इलेव्हन'सारखा (२००१) झकास सिनेमाही इथं जरा घसरतो. पिशव्यांत जी जाहिरातीची पत्रकं निघतात ती तळघरातल्या तिजोरीपर्यंत गेली कशी, हे सिनेमा कुठंच सांगत नाही. बघताना खटकत नाही म्हणा. घरी येताना रंकाळ्याजवळ भेळ खाता खाता खटकतं.

आता न उलगडता दोन सांगतो.

पहिला 'द स्टिंग' (१९७३). १९३६ सालचं शिकागो. दोन भुरटे एका बड्या गुंडाला लुटायचं ठरवतात. त्यासाठी घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायचा अख्खा अड्डाच खोटा उभा करतात. गिऱ्हाइकं भाड्याची, निकाल वाचणारा निवेदकही त्यांचाच. गुंडाला सांगतात की तारेनं येणारा निकाल आमचा माणूस काही मिनिटं दाबून धरतो, तेवढ्यात तू पैसे लाव. म्हणजे लुबाडला जाणारा स्वतःला लुबाडणारा समजतो. आधी त्याला थोडं जिंकूही देतात. गंमत म्हणजे सिनेमा मधे मधे पाट्या टाकून ठगबाजीची पायरी नावानिशी सांगतो. आता गळ टाकला, आता थाप मारली. एवढं हातात देऊनही शेवटी मी तोंड उघडं टाकून बसलो होतो. तो गुंड ज्या पायऱ्यांवरून खाली गेला, त्याच पायऱ्यांवरून मीही गेलो.

दुसरा अर्जेंटिनाचा 'नाईन क्वीन्स' (२०००). ब्युनोस आयर्समधले दोन ठग आणि दुर्मीळ पोस्टाच्या तिकिटांचा एक नकली संच. तिजोरी नाही, बंदुकीची धूम नाही, नुसती बोलाचाली. तुमची तक्रार 'निम्म्यातच कळतं' अशी आहे ना, तर हा सिनेमा तुमच्यासारख्यांसाठीच बनलाय. यातला एक ठग दुसऱ्याला धंदा शिकवतो आणि आपणही शेजारी बसून शिकत राहतो. दर दहा मिनिटांनी वाटतं, हां, पकडला. सबटायटल लावून बघा, पण आधी त्याच्याबद्दल अक्षर वाचू नका, ट्रेलरसुद्धा नको.

'खोसला का घोसला' (२००६) मुद्दाम यादीत घेतला नाही. त्यात डाव आपल्याला आधीपासून ठाऊक असतो, धाकधूक असते ती तो पार पडेल का याची. सिनेमा फार आवडता आहे, पण तुम्हाला मामा व्हायचंय, ते काम तो करत नाही.

तात्यांना विचाराल तर ते आजही सांगतात की 'स्पेशल २६' त्यांनी पाच मिनिटांत ओळखला होता. पंच नव्हते ना.