ज्या दिवशी मागितलं, त्याच दिवशी लिहून ठेव

प्रिय बाळा,

परवा तू फोन ठेवलास आणि मला झोप आली नाही. "काकू, त्यांनी हुंडा हा शब्दच काढला नाही, मग तक्रार कशाची करायची?" हा तुझा प्रश्न मी पस्तीस वर्षं कोर्टाच्या आवारात ऐकते आहे.

साखरपुड्यानंतर मुलाच्या काकांनी तुझ्या बाबांना सांगितलं, "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीच्या अंगावर वीस तोळे घाला आणि फ्लॅटच्या डाउनपेमेंटला दहा लाखांचा हात द्या." हाच हुंडा. 1961च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम 2मध्ये लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर कधीही, लग्नाच्या संबंधात, थेट किंवा आडून दिलेली वा द्यायची ठरलेली मालमत्ता म्हणजे हुंडा. मानपान म्हणा, करणी म्हणा, मदत म्हणा, नावाने काही बदलत नाही. घर बांधायला मागितलेले पैसेही हुंड्यात येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022मध्ये सांगितलं आहे. आईबाबांनी न मागता, हौसेने, ऐपतीप्रमाणे दिलेला दागिना मात्र गुन्हा ठरत नाही. त्याची यादी करायची: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली तुम्हा दोघांच्या सह्या. तुला मिळालेल्या वस्तूंची यादी तुझ्याजवळ राहू दे.

आता नीट ऐक. पैसे दिले नाहीत तरी गुन्हा झालेला आहे. कलम 4प्रमाणे नुसती मागणी केली तरी सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. मात्र मागणी झाली हे सांगता आलं पाहिजे. म्हणून म्हणते, लिहून ठेव. तारीख, वेळ, कोण बोललं, कोणते शब्द वापरले, समोर कोण होतं. त्याच दिवशी लिही. आठवड्याने लिहिलेलं "साधारण असं म्हणाले" होतं आणि उलटतपासणीत तिथेच बोट ठेवतात.

माझ्या धाकट्या बहिणीच्या याद्या आमच्या ओसरीवर झाल्या. कागदाला हळदकुंकू लावलं, त्यावर मोटारसायकल, अंगठी, रोख रक्कम असं लिहिलं, खाली दोन्हीकडच्या पाच माणसांच्या सह्या. इतका धडधडीत पुरावा! लग्न झाल्यावर वडिलांनी तो कागद फाडून टाकला. दोन वर्षांनी ती अंगावर वळ घेऊन परत आली. पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "मागणी कोणत्या तारखेला झाली?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मी तेव्हा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होते. तो कागद मी उचलून ठेवू शकले असते. वडिलांपुढे बोलायची तेव्हा आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि लग्न मोडलं असतं तर बहिणीने मलाच दोष दिला असता. हे मी स्वतःला अजून सांगते. पण कागद मीच जाऊ दिला.

तुझे बाबा म्हणतात, देणाराही गुन्हेगार असतो, आपणच अडकू. अर्धंच खरं आहे. कलम 3 देणाऱ्यालाही लागतं, पाच वर्षं कैदेपासून पुढे. पण तुम्ही अजून एक रुपयाही दिलेला नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दिलेल्या जबाबावरून त्याच्यावरच खटला भरता येत नाही, असं कलम 7 सांगतं. तक्रार तू, आईबाबा किंवा कोणीही नातेवाईक करू शकता. आत्ता देऊन टाकू, पुढे बघू, असं मात्र करू नका. याचाच मला राग येतो.

जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते, ती घ्या. नोंदवलाच नाही तर तोच अर्ज टपालाने पोलिस अधीक्षकांना, आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हुंडा प्रतिबंधक अधिकाऱ्याकडेही तक्रार करता येते, 181वर महिलांना मदत मिळते. या कायद्याखाली वॉरंटशिवाय अटक होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी कोणाला उचललं नाही तर केस मेली असं समजू नको. नवऱ्याने केलेल्या छळाचं कलम, पूर्वीचं 498अ आणि आता न्याय संहितेतलं 85, लग्नानंतरच लागतं. तुझं आजचं हत्यार कलम 4च आहे.

काकांचा फोन बाबांना आला होता ना? बाबांना आज रात्री वहीत स्वतःच्या अक्षरात लिहायला सांग, खाली सही आणि तारीख. दागिन्यांचे फोटो पाठवून "असे वीस तोळ्यांत बसतील" म्हटलेला तो मेसेज पुसू नको, आणि नवा फोन घेतलास तरी जुना विकू नको. कोर्टात मूळ फोन कामी येतो. शनिवारी वही आणि फोन दोन्ही घेऊन ये. बाबांनाही आण, त्यांच्याशी मी बोलते.

तुझी काकू