पाच हजारांत महिनाभराच्या पोस्ट: संक्रांतीच्या वाणाचा एक हिशेब

प्रश्न: मी सोलापुरात चादरी आणि टॉवेल बनवणाऱ्या एका लहान पेढीत मार्केटिंग इंटर्न आहे. डिसेंबरच्या शेवटापासून पुढच्या एक महिन्याच्या इन्स्टाग्राम-फेसबुक पोस्टचे नियोजन मालकांनी माझ्याकडे दिले आहे. सगळे मिळून बजेट ५,००० रुपये आहे. रोज एक पोस्ट टाकावी का, आणि पैसे नेमके कुठे घालावेत?

उत्तर:

काही वर्षांपूर्वी मी अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतील अशाच एका पेढीत, जवळजवळ याच दिवसांत आणि एवढ्याच पैशांत हे काम केले होते, म्हणून सामान्य नियम सांगण्याऐवजी त्या एका महिन्यात काय केले आणि काय चुकले तेच सांगतो.

माझा पहिला आराखडा तीस दिवसांच्या तीस पोस्टचा होता. त्यात नववर्षाच्या शुभेच्छा होत्या, सुविचार होते, ‘सोमवारची प्रेरणा’ नावाचे एक सदरही होते. मालकांनी तो कागद शांतपणे वाचला आणि विचारले, “यातली कोणती पोस्ट बघून माणूस टॉवेल मागेल?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली: या महिन्यात आपल्याकडून कोण, काय आणि किती तारखेच्या आत विकत घेतो? थंडीमुळे जॅकार्ड चादरी दुकानातून जातच होत्या आणि त्यांना पोस्टची फारशी गरज नव्हती. मात्र गोदामात टेरीचे लहान नॅपकिन पडून होते, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटण्यासाठी बायका अशीच एखादी स्वस्त, उपयोगी, पन्नास-साठ नगांत मिळणारी वस्तू शोधत असतात. महिन्याचा विषय तिथेच ठरला.

विषय ठरला की तारखा आपोआप ठरतात. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, पण वाण त्या दिवशी कोणी ठरवत नाही. मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो फिरतात, किंमत विचारली जाते, आणि साधारण १० तारखेपर्यंत वस्तू घरात येऊन पडलेली असते. म्हणजे विकणारी पोस्ट २२ डिसेंबर ते १० जानेवारी या काळातच दिसली पाहिजे. शिवाय संक्रांतीच्या सुमारासच सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो. त्या दिवसांत सोलापूरकराचे लक्ष आपल्या नॅपकिनकडे नसते आणि असावे अशी अपेक्षाही करू नये. त्यामुळे मी तीसऐवजी तेरा पोस्ट ठेवल्या, त्यातल्या नऊ १० तारखेच्या आत. शुभेच्छा फक्त स्टोरीत टाकल्या, कारण १४ तारखेला शहरातील प्रत्येक दुकान तीळगुळाचे तेच चित्र टाकते.

सर्व फोटो आणि व्हिडिओ एकाच दिवसात काढले. इथे एक चूक सांगायला हवी. आधी मी दुकानातील ट्यूबलाइटखाली फोटो काढले होते. त्यांत गर्द लाल नॅपकिन नारिंगी दिसत होता, आणि एका बाईंनी तो पाहून मागवलेला पूर्ण गठ्ठा परत केला. नंतर आम्ही एका खोलीतील सगळे दिवे बंद केले, सकाळी दहा ते बारा या वेळात खिडकीजवळ पांढऱ्या चादरीवर माल मांडला, आणि मोबाइलच्या पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड एका जागी पक्का केला, म्हणजे प्रत्येक फोटोत उजेड कमीजास्त होत नाही. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र असेल तर कापडाचा रंग हमखास बिघडतो. फोटो काढल्यावर प्रत्यक्ष नॅपकिन मोबाइलशेजारी धरून बघणे हीच त्याची खरी तपासणी. खर्च म्हणाल तर ५५० रुपयांचा ट्रायपॉड आणि ३०० रुपयांच्या रिबिनी व खोकी, एवढाच. रील करताना व्यवसायाच्या खात्याला चित्रपटांतली गाजलेली गाणी सहसा वापरता येत नाहीत, हे आधी लक्षात घ्या; आम्ही यंत्रमागाचा मूळ आवाजच ठेवला आणि तो जास्त शोभला. पोस्ट आधीच लावून ठेवण्यासाठी Meta Business Suite मधील Planner पुरते, त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.

आता पैशांचा प्रश्न, आणि बहुतेक इंटर्न इथेच घसरतात. पहिले दहा दिवस मी जाहिरातीवर एक रुपयाही घातला नाही. चार पोस्ट नुसत्या टाकल्या आणि लोक काय करतात ते पाहिले. मागावर काम करणाऱ्या कामगाराची एक रील होती, जिच्यात तो तेलुगूत आपल्या कामाबद्दल दोन वाक्ये बोलतो. ती ११,००० वेळा पाहिली गेली आणि ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. दुसरी पोस्ट अगदी साधी होती: गुंडाळून रिबिन बांधलेले पंचवीस नॅपकिन, शेजारी हळदीकुंकवाचा करंडा, आणि चित्रावरच मोठ्या अक्षरांत किंमत व किमान नग. ती जेमतेम ९०० लोकांपर्यंत गेली, पण १४ जणींनी ती पुढे पाठवली आणि नऊ जणींनी रंग विचारले. रील पाहणाऱ्यांपैकी कोणीही भाव विचारला नाही. वाणाची खरेदी एकटीने होत नाही, भिशीच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर विचारून होते, म्हणून या मालासाठी लाइकपेक्षा ‘पुढे पाठवले’ हा आकडा खूप मोलाचा आहे. तो Insights मध्ये प्रत्येक पोस्टखाली दिसतो. मी पैसे दुसऱ्या पोस्टवर लावले.

त्याआधी मालकांनी एक हिशेब करायला लावला, तो तुम्हीही जरूर करा. एका नॅपकिनमागे आमचा निव्वळ नफा ६ रुपये होता, म्हणजे पन्नास नगांच्या ऑर्डरला ३०० रुपये. जाहिरातीवर ३,००० रुपये घालायचे तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४० रुपये जातात, आणि ते नुसते परत यायलाच अशा बारा ऑर्डर लागतात. हा बाराचा आकडा समोर ठेवला की ‘पोहोच वाढली’, ‘फॉलोअर वाढले’ ही बातमी आनंदाची आहे की नाही, हे स्वतःलाच कळू लागते. याच हिशेबामुळे पुण्या-मुंबईला जाहिरात दाखवण्याचा मोहही सुटला. सहा रुपयांच्या नफ्यातून कुरिअर भागत नाही. म्हणून नकाशावर दुकानाची खूण ठेवून ५० किलोमीटरची त्रिज्या घेतली, त्यात मोहोळ, अक्कलकोट आणि तुळजापूर येतात, आणि तिथला ग्राहक स्वतः येऊन किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती माल नेऊ शकतो. महिला, वय २५ ते ६०, याखेरीज कुठलीही चाळणी लावली नाही. एवढ्या लहान परिघात आवडीनिवडींच्या चाळण्या लावल्या की जाहिरात दाखवायला माणसेच उरत नाहीत.

पोस्टखाली दिसणारे Boost post हे निळे बटण सोपे आहे, पण त्यात नीट निवड केली नाही तर पैसे नुसत्या लाइकसाठी वाहून जातात. मी Ads Manager मधून Engagement हा उद्देश निवडला आणि जाहिरातीवरचे बटण थेट व्हॉट्सअ‍ॅपवर नेणारे ठेवले. रोज ३७५ रुपये, २ ते ९ जानेवारी, आठ दिवस. पहिल्या दोन दिवसांत फक्त पाच चौकशा आल्या, तेव्हा चित्र बदलावे, वय बदलावे अशी फार खाज सुटली होती. ते केले नाही, हे बरे झाले. अशी जाहिरात कोणाला दाखवावी हे यंत्रणा पहिल्या काही दिवसांत शिकत असते, आणि तुम्ही मोठा बदल केला की ते शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. इतक्या थोड्या पैशांत ते पूर्ण होतच नाही, मग त्यात निदान मोडता तरी घालू नये. चौथ्या दिवसापासून चौकशा वाढल्या.

एकूण ४१ चौकशा आल्या, त्यांतून १६ ऑर्डर झाल्या आणि ९२० नॅपकिन गेले. सहा रुपयांनी ५,५२० रुपये नफा, त्यातून जाहिरातीचे ३,५४० वजा केले तर १,९८० रुपये उरले. ट्रायपॉड-रिबिनी धरल्या तर आणखी कमी. डोळे दिपवणारा आकडा नाही, पण पडून असलेला माल हलला आणि यातल्या तीन बाई पुढे लग्नाच्या आहेरासाठी टॉवेल घ्यायला आल्या.

उरलेल्या पंचवीस चौकशा का गेल्या, हे मी वहीत लिहून ठेवले होते. निम्म्याहून जास्त संदेश रात्री आठ ते दहा या वेळात, म्हणजे दुकान बंद झाल्यावर आले होते, आणि सकाळी अकराला “नमस्कार, आपल्याला काय हवे?” असे उत्तर जाईपर्यंत त्या बाईंनी दुसरीकडे चौकशी केलेली असे. पाचव्या दिवसापासून आम्ही रात्री दहापर्यंत पाळी लावली. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये किंमत, रंग, किमान नग आणि दुकानाचा पत्ता असे एकच तयार उत्तर साठवून ठेवले, आणि प्रत्येक चौकशीला लेबल लावले, म्हणजे कोणाचे पैसे यायचे आहेत ते शोधावे लागत नाही. दुसरे कारण त्याहून लाजिरवाणे होते: ८ तारखेला गुलाबी रंग संपला आणि जाहिरातीतल्या चित्रात तोच सर्वांत पुढे होता. म्हणून जाहिरात लावण्याआधी गोदामात स्वतः जाऊन रंगाप्रमाणे नग मोजा, आणि ज्या रंगाचा साठा सर्वांत जास्त आहे तोच चित्रात पुढे मांडा.

१६ जानेवारीनंतर उरलेल्या रंगांवर ‘रथसप्तमीपर्यंत’ असे लिहून दोन पोस्ट बिनपैशाच्या टाकल्या, कारण हळदीकुंकू तोपर्यंत चालते. त्यांतून आणखी चार ऑर्डर आल्या. तुमच्या पेढीत नॅपकिन बनत नसतील तर आधी मालकांना विचारा की मागच्या जानेवारीत बिलबुकात एकाच वेळी पंचवीसपेक्षा जास्त नग नेणारे कोण होते आणि ते कोणत्या तारखांना आले. मी ते बिलबुक दुसऱ्या आठवड्यात पाहिले, पहिल्याच दिवशी मागायला हवे होते.