क्यू कार्डवर गोष्ट सांगताना तोंडी येणारे ‘हॅड’, ‘सिन्स’ आणि त्यावरचा उपाय

प्रश्न: आयईएलटीएसच्या स्पीकिंगला सारखा ६ वर अडकतोय. लिहिताना ग्रामर चुकत नाही, पण बोलताना त्याच त्याच चुका होतात. शिवाय क्यू कार्डवर मिनिटभरातच माझं बोलणं संपतं. ७ साठी नक्की काय करू?

उत्तर:

मी या परीक्षेच्या बोलण्याची तयारी करून घेते, आणि मराठी बोलणाऱ्यांच्या बाबतीत तुमच्या या दोन्ही तक्रारींवर बऱ्याचदा एकच इलाज लागू पडतो, असा माझा अनुभव आहे. उत्तराचा आराखडा काळानुसार आखला की बोलणं लांबतं आणि चुकाही त्याच जागी पकडता येतात. म्हणून इथे फक्त दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे क्यू कार्डबद्दल लिहिते. एक मिनिट तयारी आणि एक ते दोन मिनिटं सलग बोलणं, हा तो भाग.

आधी ६ आणि ७ मधला फरक बघू. गुण चार निकषांवर मिळतात आणि चारही सारख्याच वजनाचे असतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. व्याकरणात ६ च्या माणसाची मोठी वाक्यं वारंवार चुकतात, पण अर्थ कळतो. ७ च्या माणसाची बिनचूक वाक्यं वारंवार ऐकू येतात, अधूनमधून चुका असतात. म्हणजे परीक्षकाला चुका शून्यावर आलेल्या नको असतात, पूर्णपणे बरोबर वाक्यं पुरेशी हवी असतात. एकच चूक दहा वाक्यांत शिरली तर दहा वाक्यं गेली. त्यामुळे सगळं व्याकरण पुन्हा उघडून बसू नका, सर्वांत जास्त वाक्यं खाणाऱ्या एक-दोन चुका शोधा.

त्या शोधायच्या कशा? एक क्यू कार्ड घ्या, फोनवर रेकॉर्ड करत दोन मिनिटं बोला आणि मग ऐकत ऐकत शब्दन् शब्द कागदावर उतरवा. ‘अं’सुद्धा लिहा. मनातल्या मनात दुरुस्त करून लिहू नका, हा मोह फार होतो. क्रियापदाच्या शेवटचा ‘ड’ किंवा ‘स’ ऐकू आला नाही तर तो नाहीच असं धरा, कारण परीक्षकालाही तो ऐकू येणार नाही. तुम्हाला भूतकाळ माहीत असतो, पण ‘एक्सप्लेन्ड’चा शेवट गिळला की समोरच्याला ‘एक्सप्लेन’ ऐकू जातं. हे झालं की बिनचूक वाक्यांवर बरोबरची खूण करा आणि उरलेल्यांत काय चुकलं ते समासात एकेका शब्दात लिहा.

एका विद्यार्थिनीचा असा कागद समोर आहे. कार्ड होतं: तुम्हाला उपयोगी गोष्ट शिकवणाऱ्या व्यक्तीबद्दल सांगा. ती म्हणाली:

“माय फर्स्ट बॉस हॅड टॉट मी एक्सेल. आय हॅड जॉइन्ड द ऑफिस इन टू थाउजंड नाइन्टीन. आय वॉज नॉट नोइंग एनीथिंग. ही हॅड सॅट विथ मी एव्हरी इव्हनिंग अँड ही एक्सप्लेन मी द फॉर्म्युला. नाऊ आय ॲम युझिंग इट सिन्स फाईव्ह इयर्स.”

पाच वाक्यं, एकही खूण नाही. पण समासात बघा: ‘हॅड’ तीनदा आलंय. हा मराठीचा ठसा आहे. ‘मी गेल्या वर्षी तिकडे गेलो होतो’ असं आपण सहज म्हणतो, आणि मराठीत ते बरोबरच आहे. तेच ‘होतो’ इंग्रजीत ‘हॅड’ होऊन उतरतं. इंग्रजीत ‘हॅड’ येण्यासाठी भूतकाळातल्या दोन घटना लागतात, एक आधीची आणि एक नंतरची. आधीचीला ‘हॅड’ लागतं. एकटी घटना असेल तर साधा भूतकाळ: ‘वेंट’, ‘टॉट’, ‘जॉइन्ड’.

याची एक परीक्षा मराठीतच करता येते. वाक्यात ‘त्याआधीच’ घालून बघा. ‘मी पोचलो, पण गाडी त्याआधीच सुटली होती’ हे छान बसतं, म्हणून तिथे ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’. ‘माझ्या बॉसने मला त्याआधीच एक्सेल शिकवलं होतं’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, कशाच्या आधी? उत्तर नसेल तर ‘हॅड’ काढा. तिच्या तिन्ही वाक्यांत उत्तर नव्हतं.

दुसरी चूक शेवटच्या वाक्यात. ‘पाच वर्षांपासून वापरतेय’ हे जसंच्या तसं आलंय. ‘पासून’ मराठीत दोन कामं करतं: ‘२०१९ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. शिवाय तेव्हा सुरू झालेलं अजून चालू असेल तर ‘ॲम युझिंग’ चालत नाही, ‘हॅव बीन युझिंग’ किंवा ‘हॅव युज्ड’ लागतं. ही चूक पहिल्या भागातही हटकून होते, कारण कुठे राहता, काय काम करता हे तिथेच विचारतात आणि आपण पहिल्याच मिनिटात ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ म्हणून मोकळे होतो.

आता आराखडा. कार्डवरचे मुद्दे कोण, काय, कसं, का असे असतात. त्याच क्रमाने गेलं की पहिले तीन पाऊण मिनिटात संपतात आणि ‘का’वर आपण ‘सो इट वॉज व्हेरी युझफुल’ म्हणून थांबतो. हे मुद्दे मदतीसाठी असतात. त्यांच्या ओळीनेच चाललं पाहिजे असं नाही, विषयावर राहिलात की झालं. म्हणून कागदावर त्यांच्याऐवजी चार ओळी ओढा: आधी काय होतं, त्या दिवशी काय झालं, तेव्हापासून काय, आणि तसं झालं नसतं तर. प्रत्येक ओळीचा काळ ठरलेला आहे. पहिलीत ‘युज्ड टू’, दुसरीत साधा भूतकाळ, तिसरीत ‘हॅव’, चौथीत ‘इफ’ आणि ‘वुड हॅव’.

त्या एका मिनिटात नामं लिहू नका, क्रियापदं लिहा, आणि ज्या रूपात बोलणार त्याच रूपात. बहुतेक जण ‘बॉस, एक्सेल, ऑफिस, हॅपी’ असं लिहितात. हे शब्द न लिहिताही आठवतात. आठवत नाही ते क्रियापदाचं रूप. तिने दुसऱ्या फेरीत दुसऱ्या ओळीपुढे एवढंच लिहिलं: सेंट, केम, सॅट, फाउंड. आणि मग असं बोलली:

“बिफोर दॅट, आय युज्ड टू ॲड अप एव्हरी कॉलम ऑन अ कॅल्क्युलेटर. वन इव्हनिंग आय सेंट द राँग टोटल टू अ क्लायंट. माय बॉस केम ओव्हर, सॅट डाउन अँड आस्क्ड मी टू शो हिम द शीट. ही फाउंड दॅट आय हॅड टाइप्ड वन फिगर ट्वाइस. आय हॅव युज्ड फॉर्म्युलाज ऑलमोस्ट एव्हरी डे सिन्स देन. इफ ही हॅड जस्ट शाउटेड ॲट मी, आय वुड प्रॉबब्ली हॅव गॉन बॅक टू माय कॅल्क्युलेटर.”

चौथ्या वाक्यातलं ‘हॅड टाइप्ड’ बघा. बॉसला चूक सापडली, पण आकडा त्याआधीच दोनदा टाइप झाला होता. इथे ‘हॅड’ बसतं आणि शोभतंही. शेवटच्या वाक्यात ‘इफ’मागचं ‘हॅड’ त्या रचनेचंच आहे, त्याला ‘त्याआधीच’ची परीक्षा लावू नका. आणि गोष्ट लांबली ती तिने विशेषणं वाढवली म्हणून नाही. ‘रोज संध्याकाळी शिकवायचे’ऐवजी एका संध्याकाळचा प्रसंग घेतला म्हणून लांबली. क्यू कार्डवर बोलणं संपतं ते बहुतेक वेळा याच कारणाने: आपण सवय सांगतो, प्रसंग सांगत नाही. ही सहा वाक्यं म्हणजे सांगाडा. क्लायंट काय म्हणाला, शीटमध्ये नेमकं काय होतं हे दुसऱ्या ओळीत भरलं की दीड-दोन मिनिटं निघतात. दोन मिनिटं झाली की परीक्षक मध्येच थांबवतात. त्यात वाईट काही नाही.

सरावासाठी तीच गोष्ट लागोपाठ तीनदा सांगा आणि दर वेळी वेळ कमी करा: आधी दोन मिनिटं, मग दीड, मग एक. गोष्ट तीच असल्याने डोकं आशयातून मोकळं होतं आणि क्रियापदांकडे लक्ष जातं. एका आठवड्यात एकच चूक धरा. ‘हॅड’चा आठवडा असेल तर बाकीच्या चुका कानाआड करा. लक्ष सगळीकडे ठेवलंत की दर क्रियापदाच्या आधी ‘अं’ येऊ लागतो आणि व्याकरणात कमावलेलं ओघात जातं. तसं व्हायला लागलं तर वेग कमी करू नका, गोष्ट लहान करा: फक्त दुसरी ओळ, चार वाक्यं, पण नेहमीच्या वेगात.

पाठांतर मात्र करू नका. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला लगेच ओळखू येतं. घोटायची ती काळाची चौकट, वाक्यं दर वेळी वेगळी येऊ देत. त्यासाठी दर दोन दिवसांनी कार्ड बदला: हरवलेली वस्तू, लांबलेला प्रवास, बदललेला निर्णय. चारही ओळी यांतल्या प्रत्येकावर बसतात. आवडत्या जागेचं किंवा एखाद्या वस्तूचं वर्णन मागणारं कार्ड आलं तर दुसरी ओळ थोडी ओढून आणावी लागते, तिथे ‘मी पहिल्यांदा गेलो तो दिवस’ घ्या.

परीक्षेत बोलताना चूक लक्षात आली तर? शब्द तोंडातून निघतानाच कळलं तर लगेच बरोबर रूप म्हणा आणि पुढे चला: “आय हॅड गॉन, आय वेंट देअर विथ माय सिस्टर.” ‘सॉरी’ म्हणायची गरज नाही. वाक्य संपल्यावर कळलं तर सोडून द्या. मागे जाऊन दुरुस्ती करण्याने ओघ तुटतो आणि गेलेलं वाक्य काही परत येत नाही.

तिसऱ्या भागासाठी एकच सांगते. तिथे मतं मांडायची असतात, त्यामुळे ‘जरी... तरी’ डोकं वर काढतं आणि ‘ऑल्दो इट इज एक्स्पेन्सिव्ह, बट पीपल बाय इट’ असं होतं. इंग्रजीत जोडीतला एकच शब्द ठेवायचा, ‘ऑल्दो’ किंवा ‘बट’. कागदावर ही चूक तीन-चारदा दिसली तर तिलाही एक आठवडा द्या.

‘अ’ आणि ‘द’च्या मागे महिनाभरात लागू नका. मराठीत त्यांच्या जागी काहीच नसल्याने ती सवय सावकाश बसते, आणि एखादं ‘द’ राहिलं म्हणून अर्थ क्वचितच बिघडतो. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ तेवढं ‘फ्रेंड्स’ करून टाका, ते एका दिवसाचं काम आहे.