रंगीत खुणा आणि लेखकाचे नाव

प्रश्न: मार्गदर्शकांनी माझ्या शोधनिबंधाचा मसुदा जवळजवळ नव्याने लिहिला. ट्रॅक चेंजेसमध्ये बहुतेक मजकूर त्यांच्या रंगात दिसतो. मग तो मजकूर माझा राहिला का?

त्या रंगावरून एवढेच कळते की ती अक्षरे कोणाच्या नावाने नोंदलेल्या वर्डमधून आत आली. विचार कोणाचा, हे त्यातून कळत नाही. समजा, तुमच्या वाक्याचा अर्धा भाग सरांनी कापून पुढच्या परिच्छेदात चिकटवला, तर मूळ जागी तो खोडलेला आणि नव्या जागी सरांच्या नावाने घातलेला दिसतो, जरी त्यातला एकही शब्द बदललेला नसला तरी. याउलट, तुम्ही Accept केले की त्या बदलावरचे नाव पुसले जाते आणि सरांचे वाक्यही साध्या काळ्या मजकुरात मिसळते.

म्हणून पाठवलेली मूळ फाइल आणि परत आलेली फाइल न बदलता जपून ठेवा आणि Review > Compare ने दोन्ही ताडून पाहा. त्यातही हलवलेले तुकडे नवे वाटू शकतात, तेव्हा शंकास्पद वाक्य मूळ फाइलमध्ये शोधावेच लागते (कंटाळवाणे काम, पण दुसरा मार्ग नाही). सगळीकडे नुसते ‘Author’ दिसले, तर फाइल जतन करताना वैयक्तिक माहिती काढली गेली असावी.

लेखकत्वाचा निकष मात्र वेगळा आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या आयसीएमजेई नियमांनुसार संकल्पना, आराखडा, माहिती किंवा विश्लेषण यांपैकी कशात तरी भरीव वाटा; लेखन किंवा चिकित्सक दुरुस्ती; अंतिम संमती; आणि जबाबदारी ही चारही अंगे लागतात. प्रयोग आणि विश्लेषण तुमचे असेल, तर भाषा बदलल्याने तुमचे लेखकत्व जात नाही. आणि सरांनी फक्त भाषा सुधारली असेल, तर त्यांची जागा ऋणनिर्देशात आहे.