सर्दीची गोळी आणि गरम पाण्यातली ब्रँडी

प्रश्न: सर्दी-तापाची गोळी घेतली आहे. रात्री गरम पाण्यातून एक पेग ब्रँडी घेतली तर चालेल का? मध्ये दोन तास ठेवीन. घरचे म्हणतात, छाती मोकळी होते.

नका घेऊ. छाती मोकळी वाटते ती गरम पाणी, वाफ आणि मधामुळे, आणि ते तिन्ही ब्रँडीशिवायही मिळतात. ब्रँडीने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब जाणवते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर जात असते.

आता गोळीची पट्टी उलटून वाचा. आपल्याकडच्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन असतं आणि क्लोरफेनिरामिन असतं. झोप आणतं ते हे शेवटचं. मोठ्या माणसाच्या रक्तातून ते निम्मं व्हायलाच साधारण वीस तास लागतात, त्यामुळे तुमच्या दोन तासांना काही अर्थ उरत नाही. दारू आणि हे औषध दोन्ही मेंदूला सुस्त करतात. रात्री तोल जातो, सकाळी दुचाकीवर ब्रेक दाबायला उशीर होतो. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर श्वासच मंदावू शकतो. कुणी हलवूनही जागं होत नसेल, श्वास घरघरत असेल, तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ‘झोपू दे’ म्हणून सोडू नका.

यकृताचं थोडं वेगळं आहे. निरोगी माणसाने योग्य मात्रेत गोळी घेतली आणि एखादा पेग झाला, तर यकृत सहसा निकामी होत नाही. धोका रोज पिणाऱ्याला, आणि तापात ज्याने नीट खाल्लेलं नाही त्याला. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी होतो आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ तो निकामी करतो. रोजच्या दारूने विष जास्त तयार होतं. दारू आणि उपास, दोन्हींनी ग्लुटाथायोन घटतं.

हिशेब करून बघा. सर्दीच्या तीन गोळ्या, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम, म्हणजे १५००. ‘ताप वेगळा’ म्हणून ६५० च्या तीन, म्हणजे १९५०. एकूण ३४५०. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, पण रोज पिणाऱ्याला डॉक्टर सहसा २००० च्या वर जाऊ देत नाहीत. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध आहे, हे लक्षात न आल्याने घोळ होतो.

मात्रा जास्त झाली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. पहिल्या दिवशी नुसती मळमळ असते, किंवा तीही नसते; उजव्या बरगडीखालचं दुखणं आणि डोळ्यांचा पिवळेपणा नंतर येतो. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला लागू पडतो. पट्ट्या सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा आणि किती प्यायलात तेही खरं सांगा.

शेवटच्या गोळीनंतर दोन दिवस तरी जाऊ द्या. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने या कारणासाठी दारू एकदम तोडू नये, हातापायांना कंप सुटून फिट येऊ शकते. गोळीच डॉक्टरांना विचारून घ्यावी.