उद्या अकराला मुलाखत आहे, आज काय करू?

"ताई, मी यंदा बी.कॉम. झाले. आठ महिने एका टॅक्स कन्सल्टंटकडे बिलांच्या एन्ट्र्या करते. आत्ता दुपारी फोन आला, उद्या सकाळी ११ ला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स असिस्टंटची मुलाखत आहे. कंपनीबद्दल वाचू की सगळा जीएसटी पुन्हा काढू? काहीच सुचत नाहीये."

यातलं काहीच काढण्याआधी, ज्या नंबरवरून फोन आला तिथं परत फोन लाव. मुलाखत कोण घेणार आणि टॅलीवर काही करून दाखवायचं आहे का, हे दोनच प्रश्न विचार. अकाउंट्सचे मॅनेजर स्वतः बसणार असतील तर ते कामाचंच विचारतील. टॅली असेल तर संध्याकाळचा एक तास त्यासाठी राखून ठेव. कन्सल्टंटकडे तू बहुतेक खरेदी-विक्रीच्याच एन्ट्र्या मारल्या असशील, त्यामुळे F4 कॉन्ट्रा आणि F7 जर्नलवर हात अडतो. त्या दोन्हींच्या चार-चार एन्ट्र्या मार. घरी लायसन्स नसेल तर टॅलीचा एज्युकेशन मोड चालतो. त्यात तारखा ठरावीकच घेतल्या जातात, म्हणून सगळ्या एन्ट्र्या १ तारखेला टाक.

कंपनीच्या माहितीला पाऊण तास पुरे. स्थापना कधी झाली, चेअरमन कोण, हे अकाउंट्सच्या मुलाखतीत क्वचितच कामी येतं. त्यापेक्षा वेबसाइटवर कंपनीचा जीएसटी नंबर मिळतो का बघ. मिळाला तर जीएसटी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये टाक, लॉगिन लागत नाही. व्यवसायाचं स्वरूप तिथं दिसतं. त्यात Export असेल तर एलयूटी कशासाठी देतात एवढं वाचून घे.

फाउंड्री म्हटल्यावर एक गोष्ट जवळजवळ नक्की विचारतील: जॉबवर्क. कास्टिंग मशिनिंगसाठी बाहेरच्या वर्कशॉपला जातं तेव्हा ती विक्री नसते. म्हणून टॅक्स इन्व्हॉइस नाही, डिलिव्हरी चलन बनतं. तो माल एका वर्षात परत यायला हवा किंवा तिथूनच पुढे विकला जायला हवा, नाहीतर पाठवला त्या दिवशी पुरवठा झाला असं धरून कर लागतो. म्हणून कोणत्या चलनावर किती नग गेले आणि किती आले, याचा हिशेब असिस्टंटला ठेवावा लागतो. कन्सल्टंटकडे तुझ्यासमोर फक्त बिलं आली असणार, चलनं नाहीत. आज वाचायला नवं असं हेच घे, बाकी नवे धडे उघडू नकोस.

आता सराव, आणि तो तोंडाने मोठ्याने. नुसतं वाचलेलं उत्तर मनात पूर्ण वाटतं आणि समोर बसल्यावर दुसऱ्या वाक्याला तुटतं. पहिला प्रश्न असा घे: "सप्लायरचं बिल आलंय, पण जीएसटीआर-२बी मध्ये दिसत नाही. काय करशील?" बहुतेक जण इथं इनपुट टॅक्स क्रेडिटची व्याख्या सुरू करतात. मुलाखत घेणाऱ्यांना मात्र तू काय करशील ते ऐकायचं असतं: या महिन्यात ते क्रेडिट घेणार नाही, बिल पेंडिंग यादीत टाकेन, सप्लायरला फोन करून त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये ते गेलंय का आणि आपला नंबर बरोबर पडलाय का ते विचारेन, २बी मध्ये आल्यावर क्रेडिट घेईन. मासिक रिटर्नवाल्यांची जीएसटीआर-१ ची तारीख ११, २बी १४ ला तयार होतं, ३बी २० ला. हा क्रम डोक्यात असला की उत्तर आपोआप जुळतं.

दुसरं, बँक रिको. कागदावर एकदा सोडव. आपल्या बँक बुकात शिल्लक ८४,५०० रुपये. दिलेला १२,००० चा चेक अजून वटला नाही, भरलेला ८,००० चा चेक जमा झाला नाही, आणि बँकेने कापलेले २३६ रुपये चार्जेस आपण लिहिले नाहीत. पासबुकात किती? चुका होतात त्या बेरीज-वजाबाकीच्या चिन्हात. दिलेला चेक आपण बुकात आधीच वजा केला, बँकेने अजून नाही, म्हणून १२,००० मिळवायचे. उरलेले दोन्ही वजा. उत्तर ८८,२६४. नियम पाठ न करता "कोणी लिहिलं, कोणी नाही" असं बोलत सोडवलंस, तर आकडे बदलले तरी अडणार नाहीस.

स्वतःबद्दलचं उत्तर दीड मिनिटाचं ठेव आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. त्यात आकडे हवेत: दिवसाला साधारण किती बिलं, किती पार्ट्यांची, कोणती रिटर्न्स तयार करायला मदत केलीस. खरेच आकडे सांग, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो. जे फक्त बघितलं ते "केलं" म्हणू नकोस.

रात्री दहाला वही बंद. रेझ्युमेच्या दोन प्रती, मार्कशीट, आधार, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर पिशवीत भर. सकाळी साडेदहाला गेटवर पोहोच. तिथं रजिस्टरमध्ये नोंद होते आणि कोणाला भेटायचंय ते विचारतात, म्हणून आज परत फोन लावशील तेव्हाच त्यांचं नाव लिहून घे.